पाठलाग लिहिण्याआधी नकाशा काढा

कथेतला पाठलाग लिहिण्यापूर्वी जागेचा कच्चा नकाशा कागदावर काढा आणि पळापळ सुरू होण्याआधीच, एखाद्या निवांत प्रसंगात, त्यातल्या मोजक्या खुणा वाचकाला दाखवून ठेवा. समजा, नायिका दादर पश्चिमेच्या फुलबाजारातून मध्य रेल्वेच्या फलाटाकडे पळते आहे आणि एक माणूस तिच्या मागावर आहे. बाजार, पादचारी पूल आणि फलाट आधी येऊन गेले असतील, तर ऐन धावपळीत ‘ती पुलाच्या जिन्याशी पोहोचली, तेव्हा तो झेंडूच्या ढिगांपाशीच होता’ एवढ्या वाक्यातून दोघांमधले अंतर कळते. हे अंतर दर टप्प्यावर सांगा. नवख्यांचे पाठलाग बहुधा इथेच फसतात, कारण त्यांत धापा आणि घाम भरपूर असतो, पण कोण कुठे आहे याचा पत्ता लागत नाही.

धोका वाढवण्यासाठी वेग वाढवण्यापेक्षा वाटा कमी करा. बाजारात ती कोणत्याही गल्लीत वळू शकते, पुलावर फक्त पुढे किंवा मागे जाता येते, आणि फलाटावर सुटू लागलेली लोकल तेवढी उरते. सोबत तिच्या हातून आधी पिशवी सुटू द्या, मग मोबाइल, आणि शेवटी धाकट्या भावाचा हात. हा क्रम उलटला, तर भाऊ हरवल्यानंतर मोबाइलची काळजी कोणालाच वाटणार नाही.