सभेचं रेकॉर्डिंग: आधी शेवट ऐका

नवीन मॅडम, इतिवृत्त लिहायला बसाल तेव्हा रेकॉर्डिंग शेवटून ऐकायला घ्या. सभेत तारीख एकदा ठरते, मग चहा येतो आणि ती बदलते.

आमच्याकडे गेल्या वर्षी असंच झालं. मुख्याध्यापक सुरुवातीला म्हणाले, "सत्र परीक्षा ६ ऑक्टोबरपासून." चाळिसाव्या मिनिटाला परीक्षा विभागाच्या सरांनी प्रश्नपत्रिका छापून यायला उशीर होईल असं सांगितलं, त्यावर साहेब "बरं, मग बुधवारपासून" एवढंच बोलले. मी ६ तारीखच लिहिली आणि परिपत्रक वर्गावर्गात फिरलं! तेव्हापासून प्रत्येक तारखेपुढे वार लिहिते आणि कॅलेंडरशी ताडून पाहते. बुधवार म्हणजे ८ ऑक्टोबर, हे तिथेच कळलं असतं. शेजारी रेकॉर्डिंगमधलं मिनिटही टिपून ठेवा, वाद झाला तर लगेच ऐकवता येतं.

कामवाटपात "बघून घेऊ या" किंवा "कोणीतरी करा" म्हणजे काम दिलेलं नाही. ज्यांचं नाव घेतलं आणि जे "हो" म्हणाले, तेवढ्यांचंच लिहा. बाकीची कामं "नाव निश्चित करणे बाकी" म्हणून वेगळी काढून त्याच दिवशी मुख्याध्यापकांना दाखवा. स्वतः अंदाजाने नाव घालाल तर स्टाफरूममध्ये महिनाभर ऐकावं लागेल.

परिपत्रकात चर्चा नको, फक्त निर्णय: "सर्व वर्गशिक्षकांना कळविण्यात येते की, प्रथम सत्र परीक्षा बुधवार, दि. ८ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू होईल." मुख्याध्यापकांची सही झाल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.