बायकोला हेपेटायटिस बी निघाला, बाळाला पण होईल का?

प्रश्न: नागपूरला पाचव्या महिन्याच्या तपासणीत बायकोची हेपेटायटिस बी पॉझिटिव्ह आली, एचआयव्ही न सिफिलिस निगेटिव्ह. बाळाला होईल का? सिझर करावं लागेल का?

बहुतेक वेळा टाळता येतं, आणि फक्त यासाठी सिझर लागत नाही. मी मेडिकलमधे गरोदर बायांच्या तपासणीचंच काम करतो. हा व्हायरस मुख्यतः डिलिव्हरीच्या वेळी आईच्या रक्तातून जातो, म्हणून बाळ जन्मल्याबरोबर लस दिली की तो रोखता येतो. सिफिलिसचं तसं नाही, तो नाळेतून पोटातच पोचतो म्हणून आईला पेनिसिलिन गरोदरपणातच लागतं, आणि एचआयव्ही तर दुधातूनही जातो, तिथं आईच्या गोळ्या न बाळाचं औषध दोन्ही चालतं. तुमच्यासाठी आता हे:

- व्हायरल लोड करा, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते कळतं, २ लाखाच्या वर असला तर डॉक्टर साधारण सातव्या महिन्यापासून व्हायरस कमी करणारी टेनोफोविरची गोळी देतात
- जन्मल्यावर १२ तासांच्या आत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे या व्हायरसविरुद्धच्या तयार अँटीबॉडी. हे इंजेक्शन महाग असते न ऐनवेळी मिळत नाही, आधीच विचारून ठेवा
- पुढचे डोस ६, १०, १४ आठवड्याला, चुकवू नका

यानंतर दूध पाजायला हरकत नाही. फक्त एवढं करूनही थोड्या बाळांना होतोच, त्यामुळे ९ ते १२ महिन्यांत बाळाचं रक्त तपासा, त्याआधीच्या रिपोर्टवर भरवसा नाही. तुमची स्वतःची पण टेस्ट करून घ्या.