स्किझोफ्रेनियाची दीर्घकालीन औषधे: गोळ्यांची नोंद आणि दुष्परिणामांची तपासणी

प्रश्न: "माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे आणि गोळ्या बरीच वर्षे घ्याव्या लागतील असे डॉक्टर म्हणतात. तो मधूनच गोळ्या टाळतो, वजनही खूप वाढले आहे. घरी आम्ही नेमके काय आणि कसे पाहावे?"

उत्तर: इंदूरमध्ये मनोविकार विभागात परिचारिका म्हणून मी काम करते. माझ्या अनुभवात तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी, गोळ्या टाळणे आणि वजन वाढणे, बहुतेक वेळा एकमेकींशी जोडलेल्या असतात. म्हणून "गोळी घेतली का?" असे रोज विचारण्यापेक्षा दादाला गोळी का नकोशी होते, हे आधी शोधावे.

ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एक उदाहरण सांगते. ३४ वर्षांचे एक गृहस्थ रात्री ओलान्झापिन १५ मिलिग्रॅमची एक गोळी घेत होते. गोळी नियमित सुरू आहे, असे त्यांच्या आई सांगत. महिन्याच्या ३० गोळ्या आणल्यानंतर विसाव्या दिवशी आम्ही पाकिटे मोजली, तेव्हा १० उरायला हव्या होत्या, पण उरल्या होत्या १७. रागावण्याऐवजी शांतपणे विचारल्यावर त्यांनी सांगितले की सकाळी नऊपर्यंत डोळे उघडत नाहीत, सारखी भूक लागते आणि जुनी एकही पँट कमरेला बसत नाही. औषध सुरू करताना त्यांचे वजन ६८ किलो होते, सात महिन्यांत ते ७७ झाले होते. मुळात सुरुवातीच्या वजनात पाच टक्के, म्हणजे त्यांच्या बाबतीत साधारण साडेतीन किलोची भर पडली, तेव्हाच डॉक्टरांशी औषधाबद्दल बोलायला हवे होते. उपाशीपोटी साखर ११२ आली. तो मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावरची पायरी आहे.

तुमच्या वहीत म्हणून पहिली नोंद वजनाची आणि कमरेच्या घेराची असावी. नवे औषध सुरू झाल्यावर चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात वजन करावे, पुढे दर तीन महिन्यांनी. आपल्याकडच्या पुरुषांत कमर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे. उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल औषधाच्या सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि मग निदान वर्षातून एकदा तपासावे. वजन वाढतच असेल, तर वर्षभर थांबू नये. सकाळचे पोहे-जिलबी आणि संध्याकाळची शेव कमी करण्याचा उपयोग होतोच, पण ही भूक औषधाने वाढवलेली असते, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे, नाहीतर "जिभेवर ताबा नाही" हा आरोप रुग्णाच्या माथी बसतो.

त्या गृहस्थांचे ओलान्झापिन डॉक्टरांनी काही आठवड्यांत हळूहळू कमी केले आणि त्याच वेळी अरिपिप्राझोल हे दुसरे औषध वाढवत नेले. एक गोळी एकदम बंद करून दुसरी सुरू करणे घरच्या घरी कधीही करू नये. बदल झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ते रात्री खोलीत येरझाऱ्या घालू लागले, जेवतानाही बसेनात. घरचे घाबरले, आजार उलटला असे समजून त्यांनी जास्त डोस मागितला. विचारल्यावर मात्र ते स्पष्ट म्हणाले, "आवाज येत नाहीत, पण पाय स्थिर राहत नाहीत, आतून कोणीतरी उठवतंय." याला अकाथिसिया म्हणतात. तो औषधाचाच दुष्परिणाम आहे आणि डोस वाढवला, तर तो वाढतो. डॉक्टरांनी डोस उतरवला आणि काही दिवस प्रोप्रॅनोलॉल दिले (दमा असणाऱ्यांना ते देत नाहीत, म्हणून दमा असल्यास आधी सांगावे). हा त्रास इतका असह्य होऊ शकतो की मनात आत्महत्येचे विचार येतात, त्यामुळे पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आजार खरोखर परततो, तेव्हा बहुधा झोप आधी बिघडते, माणूस संशयी होतो, दार लावून बसतो. दादाच्या बाबतीत मागच्या वेळी आधी काय दिसले होते, ते दादाबरोबर बसून वहीत लिहून ठेवा. तोंडाची किंवा जिभेची आपोआप हालचाल, हातांचा कंप, हेही डॉक्टरांना वर्षातून एकदा तरी मुद्दाम तपासायला सांगा. दादा विडी-सिगारेट ओढत असतील आणि ती अचानक सुटली, तर ओलान्झापिनचे रक्तातले प्रमाण वाढते, म्हणून तेही कळवावे. ताप, अंग लाकडासारखे ताठ आणि गोंधळलेपण एकत्र दिसले, तर पुढची गोळी न देता थेट तातडीच्या विभागात न्या.

गोळी चहात किंवा वरणात लपवून देऊ नका. एकदा कळले की अन्नावरचाही विश्वास उडतो, आणि त्यांच्या नकळत दिलेल्या औषधाचे दुष्परिणाम ते तुम्हाला सांगणार तरी कसे? त्रास कमी होऊनही गोळ्या सुटतच राहिल्या, तर महिन्यातून एकदा घ्यायच्या पालिपेरिडोनच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. ते देण्याआधी त्याच औषधाच्या किंवा रिस्पेरिडोनच्या गोळ्या देऊन ते सोसते का, हे पाहतात, कारण एकदा टोचलेले औषध परत काढता येत नाही. इंजेक्शन घ्यायचे की नाही, हे ठरवताना दादा समोर बसलेले हवेत. वजन आणि साखरेच्या तपासण्या इंजेक्शनवरही तशाच चालू ठेवायच्या असतात.