फ्रंट लोड मशीन: ९,८०० ची दुरुस्ती की २७,५०० चं नवीन?

प्रश्न: आमचं ६ किलोचं फ्रंट लोड मशीन ८ वर्षं जुनं आहे. स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज येतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात बेअरिंग गेलंय, पूर्ण टब बदलावा लागेल, ९,८०० रुपये. कॉलेज रोडला तसंच नवीन २७,५०० ला मिळतंय. काय करू? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर:

मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. दिवसभर बेअरिंगशीच संबंध येतो, म्हणून घरची आणि शेजारपाजारची मशीनंही माझ्याकडेच येतात. माझं मत आधी सांगतो: ९,८०० मध्ये आतला ड्रम, त्याच्या मागच्या ‘स्पायडर’ नावाच्या सांगाड्यासकट, येत नसेल, तर तेवढे पैसे घालू नका. का, ते आता सांगतो.

‘दुरुस्ती नव्याच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर करून टाका’ असं सगळे म्हणतात. त्या हिशेबाने तुमचे ९,८०० म्हणजे नव्याच्या ३६ टक्केच, म्हणजे करून टाका. पण या हिशेबात एक गोष्ट धरलेलीच नाही: दुरुस्तीनंतर मशीन किती वर्षं चालणार? म्हणून मी दर वर्षाला काय पडतं ते बघतो.

नव्याची खरी किंमत आधी काढा. २७,५०० मधून जुन्याचे एक्स्चेंजमध्ये साधारण दीड हजार वजा करा, स्टँड आणि किरकोळ फिटिंगचे हजार मिळवा. झाले २७,०००. नवं मशीन १० वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाला २,७०० पडले. आता ९,८०० ला २,७०० ने भागा. उत्तर येतं सुमारे साडेतीन. म्हणजे दुरुस्तीनंतर मशीन साडेतीन वर्षांहून जास्त, दुसरा मोठा खर्च न काढता चाललं, तरच दुरुस्ती स्वस्त. आठ वर्षांच्या मशीनकडून तेवढी खात्री हवी असेल, तर आत डोकवावं लागेल.

बेअरिंग वयामुळे क्वचितच जातं. त्याच्या पुढे, पाण्याच्या बाजूला रबराचं ऑइल सील असतं. ते झिजलं की साबणाचं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि गोळ्या गंजतात. म्हणजे आवाज ऐकू यायच्या बऱ्याच आधीपासून पाणी झिरपत असतं. ज्या वाटेने ते झिरपतं, तिथेच स्पायडर असतो. ड्रमच्या मागे तीन हातांचा ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो, त्याला स्पायडर म्हणतात. ड्रम फिरवणारा शाफ्ट त्यातच बसवलेला असतो. ड्रम स्टेनलेस स्टीलचा, स्पायडर ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि वर डिटर्जंटचं अल्कली पाणी, त्यामुळे ॲल्युमिनियम हळूहळू खात जातं. धुऊन झाल्यावर दार घट्ट लावून ठेवायची सवय असेल तर आतली ओल टिकते आणि हे आणखी लवकर होतं.

आता गोम अशी आहे की एस्टिमेटमध्ये ‘टब’ लिहितात तेव्हा अनेकदा तो बाहेरचा प्लास्टिकचा टब असतो, बेअरिंग आणि सीलसकट. ड्रम आणि स्पायडर तुमचाच जुना परत बसवतात. शाफ्टवर सील जिथे घासतं, तिथे एक बूश असतो. त्यावर चर पडला असेल तर नवं सीलही काही महिन्यांत पाणी सोडू लागतं. आणि स्पायडर खाल्लेला असेल तर एक दिवस स्पिनमध्येच त्याचा हात तुटतो, ड्रम टबवर आदळतो, आणि तुमचा नवा टबही फुटतो. म्हणून सर्व्हिस सेंटरला सरळ विचारा: “यात ड्रम आणि स्पायडर धरलाय का? नसेल तर त्याचे वेगळे किती?” दोन्ही मिळून आकडा १४–१५ हजारांच्या आसपास गेला, तर प्रश्नच मिटला, नवीन घ्या.

घरच्या घरी बघण्यासारखंही आहे. प्लग काढा, दार उघडा, ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. बाहेरचा टबही बरोबर हलत असेल तर ते स्प्रिंगवर असतंच, त्याकडे लक्ष देऊ नका. टब जागेवर आणि ड्रम एकटाच खडखडला, तर बेअरिंग खरंच गेलंय. मग ड्रम हाताने सावकाश फिरवा आणि त्याची कड दाराच्या रबराजवळ कशी जाते ते बघा. प्रत्येक फेरीत एकाच जागी कड आत-बाहेर होत असेल, तर स्पायडरची शंका घ्या. फिरवताना नुसती घरघर येत असेल आणि कड सरळ जात असेल, तर आशा आहे. आणि घरघर नाहीच, स्पिनला फक्त धाडधाड होतंय, तर शॉकअप गेले असतील. त्याचा खर्च फार कमी, टबला हात लावायची गरज नाही.

कड सरळ असेल तर तिसरा रस्ताही आहे. सिडको, सातपूरकडचे अनुभवी मेकॅनिक फक्त दोन बेअरिंग आणि सील बदलून देतात. साधारण ४,००० पर्यंत काम होतं. बेअरिंग बाजारात नंबरवर मिळतं, नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो. तुमचा टब स्क्रूने जोडलेला असेल तर हे काम चांगलं होतं. अनेक मशीनचा टब मात्र कंपनीतच वेल्ड केलेला असतो. तो कापून, स्क्रू आणि सिलिकॉन लावून परत जोडतात. तो पुढेमागे गळू शकतो, ही जोखीम धरून चला. तरी हिशेब बघा: ४,००० भागिले २,७०० म्हणजे दीड वर्ष. मशीन दीड वर्ष चाललं की पैसे वसूल. नऊ हजारांच्या दुरुस्तीवर जी पैज मी लावणार नाही, ती चार हजारांवर लावीन. फक्त त्याला अट घाला: टब उघडल्यावर स्पायडर आणि शाफ्टचा बूश तुम्हाला दाखवायचा, आणि ते खराब दिसलं तर काम तिथेच थांबवून फक्त खोलण्याची मजुरी घ्यायची. हे आधीच ठरवा, टब कापून झाल्यावर नाही.

शोरूममध्ये दोन गोष्टी ऐकायला मिळतील. एक, ‘नवं मशीन वीज वाचवतं’. थंड पाण्यात धूत असाल तर एका धुण्याला वीज मुळातच फार थोडी लागते. गरम पाण्यात धूत असाल तर बहुतेक वीज हीटर खातो, आणि तेवढंच पाणी तेवढंच तापवायला जुन्याला आणि नव्याला सारखीच वीज लागते. दुसरी, ‘जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या’. २०२५ मध्ये एसी, मोठे टीव्ही, डिशवॉशर यांचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण वॉशिंग मशीन २०१८ पासूनच १८ टक्क्यांत आहे.

सोसायटीत बोअरवेलचं पाणी येत असेल तर मात्र माझे वरचे आकडे थोडे बदला. जड पाण्याने हीटरवर क्षार बसतो, डिटर्जंटही जास्त लागतं. अशा ठिकाणी नव्याचं आयुष्य मी १० ऐवजी ८ धरतो. मग नवीन वर्षाला जवळपास ३,४०० पडतं आणि ९,८०० ची दुरुस्ती तीन वर्षांतच वसूल होते. तरीही स्पायडरची अट कायम.

आणि इतक्यात बोर्ड किंवा मोटर बदलून झाली असेल, तर ते पैसे हिशेबात धरू नका, ते गेलेत. फक्त यापुढे काय खर्च होणार तेवढंच बघा.