ग्रुप फोटोची पार्श्वभूमी वाढवताना चेहरे बदलू नयेत म्हणून

प्रश्न: आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला काढलेला आमचा १४ जणांचा फोटो कुणीतरी फार घट्ट क्रॉप केलाय. २४०० बाय २००० पिक्सेलचा आहे. डोक्यांवर जागाच नाही आणि डावीकडच्या काकांचं कोपर कापलं गेलंय. १२ बाय १८ ची आडवी फ्रेम करायची आहे. एका एआय ॲपमध्ये बाजू वाढवून पाहिल्या. भिंत छान आली, पण सगळ्यांचे चेहरे थोडे थोडे बदलले. माणसं न बिघडवता हे जमेल का?

उत्तर:

जमेल. पण त्याआधी ज्यांच्या मोबाईलवर हा फोटो काढला त्यांना एक फोन करा. आयफोनच्या फोटो ॲपमध्ये किंवा गूगल फोटोजमध्ये केलेला क्रॉप बहुतेक वेळा परत काढता येतो. फोटो उघडून Edit मध्ये गेलात आणि Revert दिसलं, तर मूळ मोकळा फोटो अजून तिथेच आहे. खरी भिंत आणि काकांचं खरं कोपर मिळत असेल तर बनवलेलं कशाला घ्यायचं? तसा फोटो मिळाला तर तो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो.

तो मिळत नाही असं धरून पुढे सांगतो.

तुमच्या ॲपमध्ये चेहरे का बदलले हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. अशी बरीच ॲप्स फक्त नवी जागा भरत नाहीत. ती अख्खा फोटो लहान करतात, मॉडेलमधून काढतात आणि पुन्हा मोठा करून देतात. तुमच्या फोटोत १४ माणसं दोन रांगांत असतील, तर एक चेहरा साधारण १८० पिक्सेल रुंद असेल. फोटो बाजूंनी वाढून ३३०० पिक्सेल रुंद झाला आणि ॲपनं तो १०२४ वर आणला, तर तोच चेहरा ५६ पिक्सेलचा उरतो. त्यापुढे स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल्स चित्र दोन्ही दिशांनी आठपट आकसून त्यावर काम करतात, म्हणजे एका चेहऱ्याच्या रुंदीला जेमतेम ७ घरं. एवढ्या जागेत आजीच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या मावत नाहीत. मग मॉडेल तिथे ‘एका वयस्कर बाईचा चेहरा’ काढतं. तो सुबक असतो, पण आजीचा नसतो. एकट्या माणसाच्या फोटोत चेहरा मोठा असल्यामुळे हे पटकन जाणवत नाही, ग्रुप फोटोत मात्र हमखास होतं.

हे मी अनुभवलं आहे. आईच्या माहेरच्या एका फोटोची बाजू अशीच एका ॲपवर वाढवून, प्रिंट काढून मामांना दिली होती. त्यांनी मधल्या मावशीवर बोट ठेवून विचारलं, “ही कोण रे?” मावशी तेव्हा हयात नव्हती. तो प्रिंट मी परत घेतला आणि तेव्हापासून पुढचा नियम कधीच मोडलेला नाही.

नियम असा, की मूळ फोटो कायम सगळ्यात वर, वेगळ्या लेयरवर ठेवायचा आणि मॉडेलनं काढलेलं सगळं त्याच्या खाली. मॉडेलनं खाली काहीही केलं तरी माणसांवर मूळ फोटोचेच पिक्सेल राहतात. मग प्रश्न फक्त सांध्याचा उरतो.

आता तुमच्या फोटोचं माप काढू. १२ बाय १८ म्हणजे ३:२. डोक्यांवर २०० पिक्सेल वाढवले की उंची २२०० होते. त्या हिशेबानं रुंदी ३३०० हवी, म्हणजे डावी-उजवीकडे प्रत्येकी ४५० वाढवायचे. खाली काहीही वाढवू नका. पुढची रांग गुडघ्यांवर कापलेली असेल, तर खाली वाढवणं म्हणजे सात माणसांचे पाय, साड्यांच्या निऱ्या आणि चपला कल्पनेनं काढणं. तिथे मॉडेल हमखास चुकतं. गुडघ्यावर संपलेला फोटो डोळ्याला खटकत नाही. ३३०० पिक्सेल १८ इंचांत म्हणजे इंचाला सुमारे १८३, भिंतीवरच्या फ्रेमला एवढं पुरतं.

फोटोशॉप असेल तर क्रॉप टूलनं चौकट वाढवा आणि वरच्या पट्टीत Fill मध्ये Generative Expand निवडा. प्रॉम्प्टची जागा रिकामी ठेवली तर ते आजूबाजूचं पाहून भरतं, आणि साध्या भिंतीसाठी तेच उत्तम. एका वेळी एकच बाजू वाढवा. काम झालं की मूळ फोटोची न बदललेली प्रत सगळ्यात वर आणून नेमक्या जागी ठेवा. फोटोशॉप नवा भाग वेगळ्या लेयरवर देतं, पण सांध्यापाशी तो थोडा मूळ फोटोवर चढू शकतो.

पैसे न खर्चता करायचं असेल आणि बरं ग्राफिक कार्ड असेल तर कॉम्फीयूआय हे सॉफ्टवेअर वापरा. त्यात `Pad Image for Outpainting` नावाचा नोड, म्हणजे कामाचा एक ठोकळा, आहे. त्यातल्या `feathering` या आकड्याकडे नीट पाहा. तो मुळात ४० असतो. मास्कची, म्हणजे मॉडेलनं रंगवायच्या जागेची, मऊ कड बाहेरच्या बाजूला जात नाही, मूळ फोटोत ४० पिक्सेल आत शिरते. म्हणजे उजवीकडच्या माणसाचा कान कडेपासून २५ पिक्सेलवर असेल तर तोही पुन्हा रंगवला जातो. ‘मी तर फक्त बाहेरचाच भाग वाढवला’ असं वाटत असताना कडेची माणसं बदलतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. मूळ फोटो वरच्या लेयरवर असेल तर इथेही तुम्ही वाचता.

अख्खा फोटो मॉडेलला देऊ नका, पट्टी द्या. डावीकडची नवी ४५० पिक्सेलची जागा आणि तिला लागून असलेला मूळ फोटोचा ५५० चा भाग मिळून १००० रुंदीची पट्टी होते. ती २२०० उंच असल्यामुळे १२०० उंचीचे दोन तुकडे करा, मध्ये २०० चा भाग दोन्हींत येऊ द्या. एसडीएक्सएलसारखं मॉडेल १०२४ च्या आसपास नीट काम करतं. त्याहून बरंच मोठं दिलं की तेच तेच पुन्हा काढायला लागतं, झेंडूची एकच माळ तीनदा दिसते.

प्रॉम्प्टमध्ये माणसांचा उल्लेखही करू नका. “फॅमिली ग्रुप फोटो” असं लिहिलंत की रिकाम्या जागेत एक अनोळखी पाहुणा येऊन उभा राहतो. फक्त मागे काय आहे ते लिहा:

```
plain cream painted wall, marigold garland, soft indoor light, slightly out of focus
```

आणि निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे काय नको ते लिहायच्या जागी:

```
person, face, hand, text
```

आता सांधा. वरच्या मूळ लेयरला मास्क लावा आणि जिथे कडेला फक्त भिंत आहे तिथे ३०-४० पिक्सेलच्या मऊ ब्रशनं कड पुसा, म्हणजे भिंत भिंतीत मिसळते. जिथे खांदा, केस किंवा साडीचा काठ कडेला टेकतो तिथे मऊ ब्रश लावू नका. खालच्या लेयरवरचा खांदा दोन पिक्सेल जरी सरकलेला असला तरी मिसळताना दुहेरी कड दिसते, जणू माणूस हलला. अशा जागी मास्क अगदी कडक ठेवा. भिंतीवर उभी फिकट रेघ उरली तर ती रंगातल्या बारीक फरकामुळे असते. खालच्या लेयरवर Curves वापरून उजेड किंचित कमी-जास्त केला की ती जाते.

काकांचं कोपर सगळ्यात शेवटी आणि वेगळं करा. कोपराभोवतीचा ३००-४०० पिक्सेलचाच भाग निवडा, मास्क मूळ फोटोच्या बाहेरच ठेवा. या एका वेळी प्रॉम्प्टमध्ये बाहीचा रंग आणि कापड लिहा आणि निगेटिव्हमधून `person` व `hand` काढून टाका. आठ-दहा प्रयत्न करा. त्यातला ‘छान दिसणारा’ निवडू नका. काकांच्या दुसऱ्या हाताचं खांद्यापासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याच्याशी जुळणारा निवडा. लांबलेला दंड घरच्यांना लगेच खटकतो, कारण काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी काकांची चण सगळ्यांना पाठ असते.

आजोबांच्या टोपीचं टोक वर कापलं गेलं असेल तर ते मॉडेलकडून करून घेऊ नका, त्याचा फेटा होण्याचा संभव फार. क्लोन टूलनं शेजारचं कापड घेऊन हातानं भरा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि कडेला कुणाचा अर्धा चेहराच कापला गेला असेल तर तो मॉडेलकडून पुरा करू नका. तो उरलेला अर्धा त्या माणसाचा नसेल. त्या दिवशीचा दुसरा फोटो शोधा.

तपासणी डोळ्यांवर सोपवू नका. तयार फोटो सपाट करून त्यावर मूळ फोटो नेमक्या जागी ठेवा आणि लेयरचा मोड Difference करा. जिथे काही बदललेलं नाही तिथे निव्वळ काळं दिसतं. भिंतीच्या कडेची मिसळलेली पट्टी आणि टोपीजवळ हात लावला असेल तर तेवढी जागा सोडून सगळीकडे काळं हवं. एखाद्या चेहऱ्याची करडी बाह्यरेषा दिसली तर तो बदलला आहे किंवा फोटो एखादा पिक्सेल सरकला आहे. गिंपमध्येही हा मोड आहे. त्यानंतर हात मोजा. खांद्यामागून आलेला पण कुणाचाच नसलेला हात हा अशा फोटोंतला नेहमीचा दोष आहे.

एवढं करूनही नवी भिंत जुन्या भिंतीपेक्षा गुळगुळीत दिसेल, कारण मोबाईलच्या फोटोत घरातल्या उजेडामुळे बारीक दाणे येतात आणि मॉडेलनं काढलेल्या भागात ते जवळजवळ नसतात. फक्त नव्या भागावर Add Noise एक-दोन टक्के, Monochromatic ठेवून द्या. फोटो १०० टक्के झूमवर ठेवून सांध्याच्या दोन्ही बाजू ताडून पाहा.

लॅबला फाइल देताना ‘क्रॉप नको, ऑटो करेक्शन नको’ असं लिहूनच द्या. फ्रेमची खाच चारही बाजूंनी साधारण ५ मिलिमीटर झाकते. तुमच्या फोटोत ते ३६ पिक्सेल होतात, त्यामुळे अगदी बाहेरच्या कडेला भिंत थोडी विचित्र आली असली तर त्यावर वेळ घालवू नका. तो वेळ काकांच्या कोपराला द्या.