कॅलेंडरवरचा गोल

*मॅडम, मी घणसोलीला राहते, बारावी सायन्सला आहे. बाबा नारायणगावहून एपीएमसीला भाजीचा टेम्पो आणतात, आई महापेला कंपनीत सेकंड शिफ्टला असते. चौथीतला भाऊ आणि पहिलीतली बहीण माझ्याकडेच असतात. परदेशातल्या कॉलेजांसाठी स्कॉलरशिपसह अर्ज करतेय आणि कॉमन अ‍ॅपचा निबंध लिहिलाय. आमचे सर म्हणाले, ही तर कामांची यादी झाली. बाकीच्यांकडे ऑलिम्पियाड आहेत, माझ्याकडे घरच आहे. आई म्हणते, घरातलं बाहेर सांगू नये. मसुदा सोबत जोडला आहे. काय करू?*

तुझा मसुदा दोनदा वाचला. पहिल्या परिच्छेदात पाणी भरणं आहे, कुकर आहे, बहिणीची वेणी आहे, भावाचा अभ्यास आहे, कपडे वाळत घालणं आहे. सगळं खरं आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हा परिच्छेद घणसोलीतल्या किंवा कळव्यातल्या दहा मुलींनी आपापल्या नावाने दिला असता तरी चालला असता. मी काही वर्षं एका शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी करत होते. असे परिच्छेद वाचताना मन भरून यायचं, पण पुढचा अर्ज हातात घेतला की आधीच्या मुलीचं काहीच आठवायचं नाही. काम कोणीतरी सांगितलेलंही असू शकतं. विचारायला घरात मोठं माणूस नसताना काय ठरवलं, आणि ते चुकल्यावर पुढे काय बदललं, एवढंच वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं.

म्हणून मी तुझ्या मसुद्यातल्या नवव्या ओळीवर थांबले. ‘भावाला दमा आहे, त्याचा पंप संपला की मी आणते.’ फोनवर मी तुला एवढंच विचारलं की पंप संपला हे तुला कसं कळतं. तू जे सांगितलंस, तोच तुझा निबंध आहे.

तू दहावीत होतीस, जुलै महिना होता. भावाला डॉक्टरांनी रोजचा पंप दिला होता, सकाळी दोन आणि रात्री दोन दाबायचे. त्या पंपाला आकडा दाखवणारी खिडकी नव्हती. तू हलवून, दाबून बघायचीस, फुस्स झालं की आहे असं समजायचीस. एका संध्याकाळी खोकला वाढला, तातडीच्या निळ्या पंपानेही उतरेना, तेव्हा बहिणीला कडेवर घेऊन आणि शेजारच्या काकूंना सोबत घेऊन तू रिक्षाने दवाखाना गाठलास. वाफ दिल्यावर तो सावरला. मग डॉक्टरांनी विचारलं, रोजचा पंप कधी उघडला? तुला सांगता येईना. औषधाच्या बिलावरची तारीख शोधली तर ४१ दिवस झाले होते. पंपात १२० मात्रा, रोज ४, म्हणजे ३० दिवसांत तो संपायला हवा होता. उरलेले ११ दिवस बहुतेक नुसता वायू बाहेर येत होता, औषधाचा भरवसा नव्हता.

वायू संपत नाही तोवर पंप आवाज करतच राहतो, हे पुष्कळ घरांना ठाऊक नसतं. तुलाही नव्हतं. हा अपराध म्हणून लिहू नकोस आणि लपवूही नकोस. ‘मी हलवून बघायचे’ हे साधं वाक्य तुझ्या निबंधातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे, कारण पुढे जे काही झालं ते त्यातूनच सुरू होतं.

पुढचं तू फोनवर घाईत सांगून टाकलंस, मसुद्यात तर ते नाहीच. पंप उघडला की त्या तारखेवर ‘सुरू’ लिहायचं आणि कालनिर्णयावर पुढचे दिवस मोजून २५व्या दिवसाभोवती गोल काढायचा. तिसाव्या नव्हे, पंचविसाव्या, कारण बाबांच्या भाड्याचे पैसे ठरलेल्या दिवशी येतीलच असं नाही आणि तेवढे पाच दिवस हाताशी हवेत. हा निर्णय तुला कुणी सुचवला नव्हता. घरात पैसा कसा येतो हे तुला ठाऊक होतं म्हणून तो गोल तिथे पडला. वाचणाऱ्याला हे कळलं की ‘मी जबाबदार आहे’ हे वाक्य लिहावं लागणार नाही. तुझ्या मसुद्यात जबाबदारी हा शब्द सात वेळा आलाय. सगळे खोड, आणि खोडल्यावर जिथे वाक्य कोसळतं तिथे काहीतरी प्रसंग लिहायचा राहिलाय असं समज.

नंतर ती पद्धत एकदा फसलीही. दिवाळीत सगळे गावाला गेलात, कॅलेंडर घणसोलीच्या भिंतीवर राहिलं. गावी पंप कितव्या दिवसावर आहे हे कोणालाच सांगता येईना. तेव्हापासून तू तारीख मार्करने पंपावरच लिहायला लागलीस. आणि या जूनपासून ती तारीख भाऊ स्वतः लिहितो, तू फक्त गोल पडलाय का बघतेस. हा शेवटचा भाग तुला किरकोळ वाटला, मला नाही वाटत. तू कॉलेजला गेल्यावर त्याचं कसं होणार, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येणारच. त्याचं उत्तर तू आधीच घरात तयार करून ठेवलंयस.

आता मांडणीचं बघू. निबंधाला जास्तीत जास्त ६५० शब्द आहेत. सुरुवात पहाटे पाचच्या गजराने करू नकोस. डॉक्टरांच्या प्रश्नापासून कर, ३० आणि ४१ हे आकडे पहिल्या काही ओळींतच येऊ देत. त्या संध्याकाळीला दीडशे शब्द पुरे. तिथे रडारड वाढवली की भाऊ रुग्ण म्हणून दिसतो आणि तू मागे पडतेस. कॅलेंडर, गोल, दिवाळीची फसगत आणि भावाच्या हाती गेलेला मार्कर यांना निम्मा निबंध दे. राहिलेल्या जागेत तुला जीवशास्त्र का शिकायचंय ते येऊ दे, पण या प्रसंगातून जेवढं खरंच निघतं तेवढंच. ‘त्या दिवशी मी ठरवलं, संशोधक व्हायचं’ असं झालं नसेल तर लिहू नकोस. औषध संपलं तरी पंप का फुसफुसतो, हे शोधायला तू शाळेच्या लायब्ररीत गेली होतीस म्हणालीस. तेवढं पुरेसं आहे.

घरातल्या बाकी कामांसाठी एकच वाक्य ठेव. उदाहरणार्थ, ‘संध्याकाळी सहानंतर घरात मोठी मीच असते.’ कुकर, वेणी, पाणी सगळं त्या वाक्यात वाचणाऱ्याला आपोआप दिसतं. हे वाक्य माझं आहे, तू तुझ्या शब्दांत लिही.

यादीला जागा नाहीच असं नाही, फक्त ती निबंधात नसते. अर्जातल्या उपक्रमांच्या भागात दहा नोंदी करता येतात आणि तिथे Family Responsibilities असा स्वतंत्र प्रकार आहे. ऑलिम्पियाड नाही म्हणून तो भाग रिकामा सोडू नकोस. वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, म्हणून तिथे क्रियापद आणि आकडा एवढंच ठेवायचं: दोन भावंडांचा सांभाळ, भावाच्या दम्याच्या औषधाची नोंद, खरेदीची तारीख ठरवणं, अभ्यास घेणं.

त्याच नोंदीत आठवड्याचे तास विचारतात, आणि तुझ्यासारख्या मुलांची चूक बहुतेक इथे होते. तू ५० तास लिहिलेस. कॉलेज, वाशीचा क्लास, ट्रेनचा प्रवास आणि झोप धरून वाचणाऱ्याने बेरीज केली तर ते बसत नाही, आणि एका आकड्यावरचा विश्वास गेला की बाकीच्यांवरचाही जातो. ज्या वेळात तू उठून जाऊच शकत नाहीस तेवढाच धर. क्लासहून तू सहाला घरी येतेस, भावंडं साडेनऊला झोपतात. आई आठवड्याला एक दिवस घरी असते. साडेतीन तास गुणिले सहा दिवस, म्हणजे २१ तास. साडेनऊनंतर तू स्वतःचा अभ्यास करतेस, तो वेळ यात येत नाही. मे महिन्यात गावी आजी असते, तेव्हाचे चार आठवडे वजा केलेस की वर्षाचे ४८ आठवडे राहतात. २१ हा आकडा ५० पेक्षा लहान दिसतो, पण तो कोणीही तपासला तरी टिकतो.

सरांना हे सगळं सांग. त्यांच्या शिफारसपत्रात ‘मुलगी संध्याकाळच्या कार्यक्रमांना थांबू शकत नाही, कारण घरी दोन लहान भावंडं असतात’ एवढी एक ओळ आली तरी तुझ्या नोंदीला बाहेरून आधार मिळतो.

एक मर्यादाही सांगते. एमएचटी-सीईटी किंवा नीटमधून प्रवेश घ्यायचा असेल तर तिथे निबंध नसतो, गुण आणि क्रमांक चालतो. हा सगळा खटाटोप परदेशी अर्जापुरता आहे आणि तिथेही निबंध तुझ्या मार्कांची जागा घेत नाही. परीक्षेचा अभ्यास बाजूला सारून याचे वीस मसुदे करू नकोस, चार पुरेत.

आता आईचं म्हणणं. ते मला पटतं, म्हणून शेवटी घेतलं. आईला भीती आहे की वाचणारा म्हणेल, ही कसली आई, मुलांना सोडून जाते. तुझ्या मसुद्यातलं ‘आई-बाबा घरी नसतात’ हे वाक्य तसंच वाचलं जातं. त्याऐवजी ते कुठे असतात ते लिही. बाबा त्या वेळी नारायणगावला माल भरत असतात, कारण तो रात्रीत एपीएमसीला पोहोचायला हवा. आई लाइनवर असते, शिफ्ट अकराला सुटते. एवढं कळलं की कोणी त्यांना दोष देणार नाही. ‘मीच त्यांची आई झाले’ हे वाक्य मात्र काढ. ते खरं नाही आणि आईला लागेल.

भावाचं नाव लिहू नकोस. त्याचा आजार त्याचा आहे, म्हणून त्याला विचार. चौथीतल्या मुलाला ‘तुझी गोष्ट लिहू का’ एवढं नीट कळतं. नाही म्हणाला तर पंप बाजूला ठेव, आपण दुसरा प्रसंग शोधू. तसे प्रसंग तुझ्याकडे आहेत, नवव्या ओळीसारख्या अजून दोन ओळी मी खुणा करून ठेवल्यात.

दोघांचीही हरकत नसेल तर नवा मसुदा आधी आईला मराठीत वाचून दाखव. तारखा ती दुरुस्त करेल. आणि तिला हेही विचार, की त्या रात्री अकराच्या शिफ्टहून ती दारात आली तेव्हा तू तिला सगळ्यात आधी काय सांगितलंस. ते तू मला फोनवर सांगितलं नाहीस आणि मसुद्यातही कुठे नाही.