4 विद्यार्थी, किमान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी: 6/365 का चालत नाही?

प्रश्न: "सरांनी वहीत हाताने लिहून दिलेला प्रश्न: 4 विद्यार्थियों में से कम से कम दो का जन्मदिन एक ही दिन हो, इसकी प्रायिकता ज्ञात कीजिए (लीप वर्ष छोड़कर). मी जोड्या मोजल्या, 6 येतात, प्रत्येकीची 1/365, म्हणून 6/365 लिहिलं. सरांनी काट मारून शेजारी 1 - असं काहीतरी खरडलंय. पण दोन्ही उत्तरं 0.016च येतात! मग माझं चूक कसं?"

उत्तर:

मी इंदूरला अकरावी-बारावीच्या गणिताच्या ट्यूशन घेतो, आणि वहीत ही 6/365 दर वर्षी कुणाची ना कुणाची असतेच. उत्तर जवळपास बरोबर येतं हेच खरं तर वाईट आहे, कारण त्यामुळे चूक दिसतच नाही. पाचव्या दशांशापर्यंत जा म्हणजे फरक दिसेल. तुझं 6/365 म्हणजे 0.01644, आणि सरांच्या पद्धतीने 0.01636. हा फरक राउंडिंगचा नाहीये, तो नेमका कुठून आला ते मोजून दाखवता येतं.

चार जणांना क, ख, ग, घ म्हणू. एकूण शक्यता 365 × 365 × 365 × 365. पुढे सगळीकडे एक 365 कॉमन निघतो, तो आत्ताच काटून टाकतो, म्हणजे खाली उरले 365 × 365 × 365 = 4,86,27,125. तुझी 6/365 याच छेदावर लिहिली तर अंश येतो 6 × 365 × 365 = 7,99,350.

आता सरळ हाताने मोजू, काहीही न लपवता. "किमान दोघं" म्हणजे चार वेगवेगळ्या भानगडी आहेत. पहिली, एकच जोडी जुळली आणि बाकी दोघं वेगवेगळे: 6 जोड्या, 6 × 364 × 363 = 7,92,792. दुसरी, दोन जोड्या जुळल्या पण दोन वेगळ्या तारखांना, जसं क-ख एका दिवशी आणि ग-घ दुसऱ्या दिवशी: अशा वाटण्या 3, म्हणून 3 × 364 = 1,092. तिसरी, तिघं एका दिवशी आणि एक वेगळा: 4 × 364 = 1,456. चौथी, चौघंही एकाच दिवशी: 1. बेरीज 7,95,341. तुझे 7,99,350 आहेत, म्हणजे तू 4,009 जास्तीचे मोजलेस.

हे 4,009 आले कुठून? समजा क, ख आणि ग तिघांचाही वाढदिवस 15 ऑगस्टला आहे. तू क-ख जोडी मोजताना ही केस धरलीस, मग ख-ग मोजताना परत धरलीस, मग क-ग मोजताना तिसऱ्यांदा, पण ती घडते एकदाच. म्हणजे तिघांची प्रत्येक केस तुझ्या हिशोबात तीनदा आली, दोन जास्त: 2 × 1,456 = 2,912. दोन जोड्यांची केस दोनदा आली, एक जास्त: 1,092. आणि चौघंही एकाच दिवशी असलेली केस सहाच्या सहा जोड्यांत आली, पाच जास्त: 5. आता 2,912 + 1,092 + 5 करून बघ, बरोबर 4,009 येतात, एकही इकडेतिकडे नाही.

तर नियमाच्या भाषेत चूक एवढीच की घटना परस्पर अपवर्जी असतील तरच त्यांच्या संभाव्यता नुसत्या बेरजेने जोडता येतात, आणि या सहा जोड्यांच्या घटना तशा नाहीत, एकाच वेळी दोन-तीन घडू शकतात. सरांनी काट मारली ती याचसाठी.

आता ते "1 -" काय आहे. "किमान दोघं जुळतात" याच्या विरुद्ध एकच गोष्ट आहे: कुणीच जुळत नाही, चौघंही वेगवेगळे. याला पोटभेद नाहीत, जोड्या नाहीत, तिहेरी नाही, त्यामुळे दोनदा मोजायला जागाच राहत नाही. क चा वाढदिवस कधीही असू दे. ख ने तो दिवस टाळायचा, 364/365. ग ने दोन दिवस टाळायचे, 363/365. इथे लक्ष दे, ग साठी 363 हे तेव्हाच जेव्हा क आणि ख आधीच वेगळे आहेत, आणि आपण तीच लाइन धरून चाललोय म्हणून चालतं. बरीच पोरं इथे तिन्ही वेळा 364/365 लिहून मोकळी होतात, तो वेगळा प्रश्न झाला, "क शी कुणीच जुळत नाही" असा, त्यात ख आणि ग आपसात जुळले तरी चालतात. घ ला 362/365. गुणाकाराचा अंश 364 × 363 × 362 = 4,78,31,784. आता हे 4,86,27,125 मधून वजा कर: 7,95,341. वर एक-एक भानगड मोजून जे आलं होतं तेच, तीन गुणाकार आणि एका वजाबाकीत. वहीत हे असं लिही:

1 - (364 × 363 × 362)/(365 × 365 × 365) = 0.0164 (सुमारे)

आणि छेदात 365 चा घात लिहिणार असशील तर घात जरा वर आणि लहान लिही. घाईत लिहिलेला 3 तपासणाऱ्याला 3653 असा दिसतो आणि मग वाद कोण घालणार.

4 जणांत फरक बारीक आहे म्हणून तुझं काम निभावलं. तीच पद्धत 30 पोरांच्या वर्गाला लाव: जोड्या 435, म्हणजे 435/365, एकपेक्षा जास्त! संभाव्यता एकच्या वर गेली की कुठेतरी डबल मोजलंय हे समजून जायचं. उलट्या बाजूने 30 साठी उत्तर सुमारे 0.706 येतं, आणि 23 पोरं असतील तरच ते पहिल्यांदा अर्ध्याच्या वर जातं, 0.507. सरळ मोजायला गेलास तर 30 पोरांत जोड्या, दोन जोड्या, एक तिकडी आणि एक जोडी... अशी यादी संपतच नाही, म्हणून तिथे उलट मोजण्याला पर्याय नाही. कॅल्क्युलेटरवर 365! टाकू नकोस, एरर देईल. 364/365 ला 363/365 ने गुण, मग 362/365 ने, असं एकेक करत जा, आकडा कायम एकच्या खालीच राहतो.

एक गोष्ट मात्र प्रश्नाच्या कागदावर परत वाचून घे, कारण हस्ताक्षरात "कम से कम दो" चं "केवल दो" वाचलं जाणं किंवा उलट, हे होतं. "केवल दो" असेल तर उलट मोजून काही वाचत नाही, कारण त्याच्या विरुद्ध बाजूला कुणीच न जुळणं, दोन जोड्या, तिकडी, चौघं हे सगळंच येतं. तिथे सरळच मोजायचं, आणि ते वर झालेलंच आहे: 7,92,792 भागिले 4,86,27,125, म्हणजे 0.01630.